'मित्राला आणा' योजना जाहीर करण्याआधीची तयारी

जुन्या ग्राहकाने मित्राला आणलं की बक्षीस, अशी योजना जाहीर करायच्या निदान तीन महिने आधी एक काम सुरू करा. येणाऱ्या प्रत्येक नव्या ग्राहकाला "आमच्याबद्दल कुठून कळलं?" एवढंच विचारा आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवा. बक्षिसाचा विषय अजून कुठेच काढायचा नाही. आवडलेल्या गोष्टीबद्दल लोक बक्षीस नसतानाही मित्रांना सांगत असतात. योजनेआधी ओळखीने महिन्याला किती जण येत होते हे लिहिलेलं नसेल, तर योजनेमुळे किती आले हे पुढे कशावरूनच काढता येत नाही. मी लहान व्यवसायांचे हिशेब पाहतो. "योजना चालली का?" या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही, कारण हा आधीचा आकडाच नसतो. तो मागाहून गोळा करता येत नाही, म्हणून तयारीच्या यादीत हे काम सगळ्यात वर.

या आकड्याने काय फरक पडतो ते एका व्यायामवर्गाच्या हिशेबात बघा. वर्ग महिन्याच्या फीवर चालतो आणि योजनेआधी महिन्याला ४ जण ओळखीने येत होते. मग योजना आली: नव्याला दुसऱ्या महिन्याची फी अर्धी, आणि त्याने ती भरली की आणणाऱ्यालाही एका महिन्याची फी अर्धी. तीन महिन्यांत २० जण आले आणि टिकले. एकेका माणसामागे दोघांची मिळून एका महिन्याची फी सोडली, म्हणजे एकूण २० महिन्यांची. वर्गचालकांनी २० ला २० ने भागलं आणि एका माणसामागे एक महिन्याची फी, स्वस्तच पडलं, असं धरलं. पण त्या तीन महिन्यांत १२ जण तसेही आले असते. योजनेने आणलेले खरे ८. त्यामुळे एका जादा माणसामागे खर्च पडला अडीच महिन्यांच्या फीइतका.

आता मिळकत. या वर्गात माणूस सरासरी ७ महिने टिकतो आणि जागेचं भाडं, प्रशिक्षकांचं मानधन वगैरे जाऊन फीच्या ४० टक्के हातात राहतात, म्हणजे एका माणसामागे २.८ महिन्यांची फी. त्यातून अडीच गेले की उरतात ०.३. इतकी धावपळ करून जवळजवळ काहीच मिळालं नाही, आणि वहीत २० नावं बघून सगळे खुश होते.

म्हणून यादीतलं दुसरं काम: बक्षीस ठरवायच्या आधी एका माणसामागे हातात काय राहतं ते काढा, आणि बक्षीस 'सवलत' असावं की 'जादा काही' याचा नीट विचार करा. जुना ग्राहक जी फी भरणारच होता ती अर्धी केली, तर तेवढी रक्कम सरळ खिशातून जाते. त्याऐवजी तुमच्याकडे रिकामं पडलेलं काही दिलं, तर त्याला ते मोलाचं वाटतं आणि तुम्हाला फार पडत नाही. या वर्गात प्रशिक्षक दुपारी दोन तास मोकळे बसून असत आणि त्या वेळेचं मानधन तसंही दिलं जात होतं. पुढच्या तीन महिन्यांसाठी आणणाऱ्याला दुपारची दोन वैयक्तिक सत्रं आणि नव्याला दुसऱ्या महिन्यात पाव फी माफ असं ठेवलं. या वेळी १८ जण आले, म्हणजे जादा फक्त ६. पण सोडलेली फी १८ पाव, म्हणजे साडेचार महिन्यांची. ती ६ जणांत वाटली तर एकामागे पाऊण महिना. २.८ मधून पाऊण वजा करा, दोन महिन्यांहून थोडी जास्त फी उरते. माणसं दोनने कमी आली आणि हातात उरलेले पैसे पाचपट झाले. मोकळे तास संपले की हा हिशेब बदलतो. मग प्रत्येक सत्रासाठी जादा मानधन द्यावं लागतं, तेव्हा सत्रांची मर्यादा आधीच लिहून टाका.

तिसरी गोष्ट, 'रेफरल पूर्ण झाला', म्हणजे ओळखीने आणलेला माणूस बक्षिसासाठी मोजायचा, असं कधी म्हणायचं ते एका वाक्यात ठरवा. चौकशीला आला तेव्हा? पहिली फी भरली तेव्हा? माझं ठाम मत दुसऱ्या पैशांच्या बाजूने आहे. महिन्याची फी असेल तर दुसरी फी भरल्यावर, वस्तूंची विक्री असेल तर माल परत करायची मुदत संपल्यावर. पहिल्या फीवर बक्षीस दिलं की महिनाभरासाठी नावाला आणलेली माणसं वाढतात. हे वहीत लगेच दिसतं: पहिल्या फीच्या तारखा भराभर भरतात आणि दुसऱ्या फीचा रकाना रिकामा राहतो. याच वाक्यात 'नवा' म्हणजे कोण तेही येऊ द्या, उदाहरणार्थ गेल्या बारा महिन्यांत जो ग्राहक नव्हता तो.

आता नोंदीची व्यवस्था. हजारभर ग्राहकांपर्यंत वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज मला तरी कधी पडलेली नाही. गूगल शीट्समधली एक फाइल आणि तिच्यात दोन पानं पुरतात. 'जुने' या पानावर पहिल्या रकान्यात प्रत्येक ग्राहकाला दिलेला कोड आणि दुसऱ्यात नाव. 'नवे' या पानावर ओळीने: आल्याची तारीख, नाव, आणणाऱ्याचा कोड, पहिल्या फीची तारीख, दुसऱ्या फीची तारीख, बक्षीस दिल्याची तारीख. रकान्यांत 'हो' किंवा 'नाही' लिहू नका, तारीखच लिहा. तारीख असली की काम झालं, रिकामं असलं की बाकी आहे, आणि केव्हा झालं हेही त्यातच कळतं. मग 'जुने' पानावर प्रत्येक कोडापुढे हे सूत्र ठेवा:

```
=COUNTIFS('नवे'!C:C,A2,'नवे'!E:E,"<>",'नवे'!F:F,"")
```

या ग्राहकाने आणलेले, दुसरी फी भरलेले, पण ज्यांचं बक्षीस अजून दिलेलं नाही असे किती, ते हे सूत्र मोजतं. थोडक्यात, आज तुम्ही त्याचं किती देणं लागता. शेवटची अट काढून टाकली की आतापर्यंतचे एकूण पूर्ण झालेले रेफरल मिळतात. दर आठवड्याला हा रकाना वरून खाली बघायचा आणि शून्य नसेल तिथे बक्षीस देऊन तारीख घालायची. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण एका ठिकाणी मी स्वतः नोंदी चॅटमध्येच राहू दिल्या होत्या. एका बाईंनी दोन मैत्रिणी आणल्या, आम्ही दोन्ही वेळा बक्षीस द्यायला विसरलो. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त पुन्हा कुणाला आणलं नाही. आम्हाला ते चार महिन्यांनी कळलं.

कोड देताना तो फोनवर तोंडी सांगता येईल असाच द्या. नावाची काही अक्षरं आणि दोन अंक, जसं `MEERA27`. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी आय हे एकमेकांच्या जागी वाचले जातात, तेव्हा ते टाळा. शीटमध्ये मोठी-छोटी अक्षरं चालतात, पण कोडाच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा पडली किंवा कुणी तोच कोड देवनागरीत लिहिला, तर सूत्राला तो सापडत नाही आणि रेफरल गुपचूप गळतो. उपाय सोपा आहे. 'नवे' पानाच्या कोडाच्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशन लावून 'जुने' पानावरची यादी जोडा. मग कोड टाइप करावा लागत नाही, यादीतून निवडला जातो.

लोक स्वतः फॉर्म भरून येत असतील तर कोड त्यांच्याकडून लिहून घेऊ नका, दुव्यातच भरून द्या. गूगल फॉर्म्सच्या मेनूत आधीच भरलेला दुवा काढायची सोय आहे. कोडाच्या प्रश्नात एक नमुना कोड लिहून तो दुवा काढला की असा काहीतरी दिसतो:

```
https://docs.google.com/forms/d/e/FORM_ID/viewform?usp=pp_url&entry.123456789=MEERA27
```

शेवटचा कोड बदलत गेलात की प्रत्येक ग्राहकाचा स्वतंत्र दुवा तयार होतो, फुकटात. तो त्यालाच द्या, म्हणजे मित्राला पुढे पाठवणं त्याच्या हातात राहतं. जुन्या ग्राहकांकडून मित्रांचे फोन नंबर मागून घेणं मला पटत नाही. ज्याचा नंबर आहे त्याने होकार दिलेला नसतो, आणि तुमचा फोन गेला की ओशाळं व्हावं लागतं ते तुमच्या ग्राहकाला.

समोर येणाऱ्या माणसाच्या बाबतीत प्रश्नांचा क्रम पाळा. आधी "कुठून कळलं?" विचारून उत्तर लिहायचं, सवलतीबद्दल त्यानंतर बोलायचं. सवलत आधी सांगितली की ज्याला कुणीच पाठवलं नाही तोही ओळखीचं एखादं नाव घेतो. हाताखालच्या माणसांना हे एकदा करून दाखवा, नुसतं सांगून भागत नाही. नोंद करणारा हातही शक्यतो एकच ठेवा.

लबाडी फार नसते, पण असते. 'जुने' आणि 'नवे' अशा दोन्ही पानांवर फोन नंबराचा एक रकाना जोडा, नंबर फक्त अंकांत, मध्ये मोकळी जागा न सोडता, आणि तोच नंबर जुन्या यादीत आहे का ते बघा. जुनाच ग्राहक नव्या नावाने आला असेल तर इथे सापडतो. एकाच कोडावर आठवड्यात चार-पाच माणसं आली तर बक्षीस थांबवू नका, आधी फोन करून विचारा. कधी ती खरोखर एकाच कार्यालयातली मंडळी असतात, आणि असा माणूस दुखावणं परवडत नाही.

'नवे' पानावर सोडून गेल्याच्या तारखेचाही रकाना ठेवा. २०११ साली जर्नल ऑफ मार्केटिंगमध्ये एका जर्मन बँकेच्या सुमारे १०,००० ग्राहकांचा जवळपास तीन वर्षांचा अभ्यास छापून आला. त्यात ओळखीने आलेले ग्राहक इतर तशाच ग्राहकांपेक्षा जास्त टिकले आणि बँकेसाठी त्यांचं मोल सरासरी १६ टक्के जास्त निघालं. पण बँकेचा आकडा व्यायामवर्गाला लावता येत नाही. तुमचे ओळखीने आलेले लोक ७ महिने टिकतात की ९, हे तुमच्या त्या रकान्यातूनच कळेल, आणि ९ निघाले तर बक्षीस थोडं वाढवायला जागा मिळते. डॉक्टर किंवा वकील असाल तर मात्र याआधीच थांबा: अनेक देशांत या व्यवसायांना माणूस आणल्याबद्दल मोबदला देण्यावर बंदी आहे.

शेवटी नियम चार-पाच ओळींत लिहा: नवा कोण, रेफरल पूर्ण कधी, कुणाला काय, महिन्याला कमाल किती, आणि योजना कोणत्या तारखेला संपते. संपायची तारीख पहिल्याच दिवशी छापलेली असली की बक्षीस कमी करताना कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. मग जाहीर करण्याआधी तीन विश्वासातले ग्राहक घेऊन आठवडाभर चालवून बघा. एकाचा दुवा वापरा, एकाचा कोड फोनवर घ्या, एकाच्या मित्राला काहीच न सांगता येऊ द्या, आणि तिन्ही ओळी शीटमध्ये बरोबर उतरल्या का ते तपासा. तिसरी ओळ बहुधा चुकते, कारण कोड नसलेल्या माणसाला तिथे कुणी काही विचारतच नाही.