आशाताईंची गटचर्चा: तिसऱ्या दिवसाच्या गृहभेटीबद्दल विचारायचं कसं

सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्यांच्या किंवा संस्थेत नव्याने लागलेल्यांच्या हाती गटचर्चेचं काम लवकर येतं, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात समोर बहुतेक वेळा आशाताईच असतात. इथे एकच विषय धरू: दिघा ते तुर्भे या भागातल्या वस्त्यांमध्ये नवजात बाळाच्या घरच्या भेटींपैकी तिसऱ्या दिवसाची भेट का हुकते.

आधी नियम पाठ हवा. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जायचं असतं. या सहा भेटींचा मोबदला 250 रुपये ठरलेला. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. सिझेरियन असेल तर बाई तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच असते, म्हणून तिथे सातव्या दिवसापासून पुढच्या पाचही भेटी झाल्या की पूर्ण मोबदला धरतात. हे ठाऊक नसलेला, चर्चा चालवणारा संचालक सिझेरियनच्या केसला 'हुकलेली भेट' समजून खोदत बसतो. ताया एकमेकींकडे बघतात आणि तुमची पहिली दहा मिनिटं वाया जातात.

परवानगी आणि निवड

नीतिसमितीची मंजुरी आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाचं पत्र ही दोन्ही कागदपत्रं लागतातच. घोळ पत्रानंतर होतो. पत्र नागरी आरोग्य केंद्रात पोचतं, तिथल्या मॅडम सिस्टरला सांगतात, 'चांगल्या बोलणाऱ्या आठ जणी पाठव,' आणि तुमच्यासमोर येतात त्या ज्यांचे रजिस्टर नेहमी पूर्ण असते त्या. म्हणून नावं मागू नका, केंद्राच्या सगळ्या आशांची यादी मागा आणि त्यातून स्वतः निवडा. शहरात एका आशेकडे साधारण 200 ते 500 घरं असतात. त्यामुळे निवडताना कुणाचा भाग भाड्याच्या खोल्यांचा, कुणाचा गावठाणाचा आणि कुणाचा टेकडीवरच्या झोपड्यांचा हे बघून वाटणी करता येते. एका गटात सहा ते आठ जणी हव्यात. दहाजणींना बोलवा, दोघी येणार नाहीत हे धरूनच चाला.

नव्या आणि जुन्या आशा शक्यतो वेगळ्या बसवा. दहा वर्षं काम केलेली ताई खोलीत असली की सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी 'ताई म्हणतात तसंच' एवढंच बोलते. गटप्रवर्तक किंवा सिस्टर तर खोलीत नकोतच, कोपऱ्यात खुर्ची टाकून 'मी फक्त ऐकते' म्हणाल्या तरी नकोत. त्यांची वेगळी मुलाखत घ्या, मानही राखला जातो. एकाच तऱ्हेच्या भागातले दोन-तीन गट झाले की नवे मुद्दे येणं बरंच कमी होतं. तेव्हा भाड्याच्या खोल्यांच्या भागात दोन आणि गावठाणात दोन असे चार गट धरले तर नवशिक्याच्या अभ्यासाला पुरतात.

जागा आणि वेळ

आरोग्य केंद्राची खोली फुकट मिळते आणि नेमकी तीच टाळायची. औषधाचं रजिस्टर घ्यायला कुणीतरी आत येतं, आणि त्यानंतरची उत्तरं सरकारी होतात. समाजमंदिर किंवा वाचनालयाची खोली चालते. आदल्या दिवशी चर्चेच्याच वेळेला तिथे जाऊन दोन मिनिटं रेकॉर्डिंग करून ऐका. पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे ट्रक कानाला जाणवत नाहीत, पण रेकॉर्डिंगमध्ये मृदू आवाजाची ताई त्यात पूर्ण बुडते.

महिनाअखेर रिपोर्ट भरायची घाई असते, तेव्हा बोलवू नका. लसीकरणाचा दिवस आणि वस्तीत पाणी येण्याची वेळही टाळा. मासिक सभेला जोडून चर्चा घेण्याचा मोह होतो, कारण सगळ्या आयत्या जमलेल्या असतात. पण सभेत बोलणी खाऊन आलेली बाई पुढचा दीड तास तुमच्याशी मोकळेपणाने बोलेल ही अपेक्षाच चूक. प्रवासखर्च आणि बुडालेल्या वेळेचे पैसे द्या, आणि ते सुरुवातीलाच पाकिटात द्या, म्हणजे मधेच उठून जाण्याची मोकळीक खरी राहते. चहा चर्चेच्या आधी उरकून घ्या. मधे दिला तर कपबश्या आणि वेफरची पाकिटं मिळून दहा मिनिटांचं बोलणं खातात.

संमती

फॉर्म मराठीत हवा आणि मोठ्याने वाचून दाखवायला हवा. भाग घेण्याची आणि आवाज रेकॉर्ड करण्याची संमती वेगवेगळी घ्यायची. एक वाक्य मात्र कुणी गाळू नये: 'आम्ही तुमची नावं लिहिणार नाही, पण इथे बसलेल्यांपैकी कुणी बाहेर काही बोलेल का, याची हमी आम्हाला देता येत नाही.' याच कारणाने भेट न देता फॉर्म भरला जातो का, हा प्रश्न गटात थेट विचारायचा नसतो. एकीने कबूल केलं तर सात जणी साक्षीदार होतात. तो मुद्दा एकेकीच्या मुलाखतीसाठी ठेवा. आणि 'साहेबांनी पाठवलंय म्हणून आले' असं म्हणणाऱ्या ताईला परत जायचा मार्ग आहे, हे तिला बाजूला घेऊन सांगा.

प्रश्न

नव्वद मिनिटांत पाच-सहा मुख्य प्रश्न होतात, त्याहून जास्त नाही. 'तुम्ही तिसऱ्या दिवशी भेट देता का?' असं विचारलं की एका सुरात 'हो' येतो, आणि पुढे प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं क्रमाने: वजन, ताप, नाळ, अंगावर पाजणं. असा पाठ सुरू झाला की ओळखा, प्रश्न चुकला. त्याऐवजी विचारा, 'तुमच्या भागातलं सगळ्यात अलीकडचं बाळंतपण आठवा. बाई घरी आल्याचं तुम्हाला कुणाकडून कळलं? तुम्ही दाराशी पोचलात तेव्हा बाळ किती दिवसांचं होतं?' प्रसंग एक आणि ठरावीक असला की 'आम्ही आशा' जाऊन 'मी' येतो. सबंध चर्चेत कान याच बदलाकडे ठेवायचा.

बोलणं अडलं तर सहा पुठ्ठ्यांवर 3, 7, 14, 21, 28, 42 लिहून सतरंजीवर मांडा आणि प्रत्येकीला पाच चिंचोके द्या. ज्या भेटीला जास्त अडचण, तिथे जास्त चिंचोके. मग विचारायचं, 'इथे चार का ठेवले?' न बोलणारी ताईही चिंचोका ठेवते, आणि ठेवला की तिला कारण सांगावं लागतं. हे आकडे अहवालात मात्र घालायचे नाहीत. ती बोलतं करायची युक्ती आहे, मतमोजणी नव्हे.

मोबदल्याची तक्रार येणारच. 'तो आपला विषय नाही' म्हणून दाबली, तर ती प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात डोकं वर काढते. फळ्यावर 'मोबदला' लिहा, शेवटची पंधरा मिनिटं त्यासाठी राखली आहेत असं सांगा, आणि ती खरोखर द्या. आमच्या मते ही पंधरा मिनिटं कधी फुकट जात नाहीत, कारण कुठली भेट आधी आणि कुठली मागे, याचा हिशेब तिथेच उघडतो.

खोलीत दोघं हवेत

एकाने चर्चा चालवायची, दुसऱ्याने टिपणं घ्यायची. गोल बसवून प्रत्येकीला क्रमांकाची चिठ्ठी लावा. जास्त बोलणारी ताई संचालकाच्या शेजारी, गप्प राहणारी समोर, म्हणजे नजर आपोआप तिच्याकडे जाते. टिपणं घेणाऱ्याने सगळं उतरवायचं नसतं. कोण बोललं त्याचा क्रमांक आणि पहिले दोन-तीन शब्द पुरेत, शिवाय कोण हसलं, कोणी मान हलवली, कोण गप्प झालं. ही यादी नसेल तर आठ बायकांच्या आवाजातून सहा नंबर कोणती हे महिन्याभराने कुणालाही सांगता येत नाही. रेकॉर्डर दोन ठेवा, दुमडलेल्या रुमालावर, फोन वापरत असाल तर फ्लाइट मोडवर.

लिहून काढणं

एका तासाच्या रेकॉर्डिंगला सहा ते आठ तास धरा. बोली तशीच ठेवा. आगरी वळणाची मराठी किंवा मधेच येणारी हिंदी सुधारू नका. एक रचलेला नमुना बघा:

3: तिसऱ्या दिवशी बाई असते कुठे इथे? पहिलटकरीण तर सातव्या महिन्यातच माहेरी जाते.
6: त्या वेगळ्या. माझ्याकडे भाड्याच्या खोल्या. बाई इथेच बाळंत होते, पण येते तोवर खोली बदललेली असते.
3: हां, ते पण आहे. फोन लागत नाही मग.
1: मला सासू दारातच सांगते, सव्वा महिना कुणी आत यायचं नाही.
5: (हसत) मी हातपाय धुऊनच आत जाते, मग नाही बोलत काही.

घाईत लिहिणारा याचा निष्कर्ष काढतो, 'स्थलांतर आणि रूढींमुळे भेटी होत नाहीत.' वाक्य खोटं नाही, पण त्याचा उपयोग कुणालाच नाही. इथे तीन निराळ्या गोष्टी आहेत. माहेरी गेलेल्या बाईची भेट दुसऱ्या गावच्या आशेकडे जायला हवी, तेव्हा प्रश्न दोघींमधल्या निरोपाचा. खोली बदललेल्या बाईच्या बाबतीत दवाखान्यातून घरी सोडल्याची खबर आशेपर्यंत पोचत नाही. आणि सासूच्या दारात अडचण आहे, पण पाच नंबरकडे तिच्यावरची वाट आहे. शिवाय तीन नंबरने सहा नंबरचं मान्य केलं, ही जागा गटचर्चेतच मिळते. म्हणून अहवालात एकटं वाक्य उचलून लावू नका, देवाणघेवाण जशीच्या तशी द्या.

मांडणीसाठी एक्सेलचा साधा तक्ता पुरतो. आडव्या ओळीत गट, उभ्या रकान्यात मुद्दे, प्रत्येक चौकटीत दोन ओळींचा सारांश आणि उताऱ्याचा क्रमांक. गावठाणाच्या गटांच्या ओळीत 'खोली बदलली' हा रकाना रिकामा दिसला, तर ती रिकामी चौकटही लिहायची गोष्ट आहे. '8 पैकी 5 आशांनी सांगितले' असं मात्र लिहू नका. उरलेल्या तिघी सहमत होत्या, असहमत होत्या की बोलायला वाव मिळाला नाही, हे तुम्हाला ठाऊक नसतं. 'भाड्याच्या खोल्यांच्या दोन्ही गटांत हा मुद्दा न विचारता आला, गावठाणात आलाच नाही' हे वाक्य खरं असतं.

ओळख लपवताना नाव काढून भागत नाही. एका केंद्रात जेमतेम डझन-दोन डझन आशा असतात. 'दिघ्यातील 12 वर्षे अनुभव असलेली आशा' एवढं लिहिलं की केंद्रातल्या सिस्टरला ती कोण ते लगेच कळतं. 'जुनी आशा, भाड्याच्या खोल्यांचा भाग' इतकंच ठेवा, केंद्राचं नाव गाळा.

नियतकालिकाला पाठवायचं असेल तर 'कोरेक' ही 2007 ची 32 मुद्द्यांची तपासणी यादी आधीच शेजारी ठेवा. संचालक कोण होता, सहभागींशी त्याचं आधीचं नातं काय, किती जणींनी नकार दिला, हे ती विचारते, आणि नकारांची नोंद चर्चेच्या दिवशीच ठेवली नसेल तर मागाहून भरता येत नाही. महापालिकेला मात्र दोन पानांचं मराठी टिपण लागतं. ते देण्याआधी त्यातले मुद्दे प्रत्येक गटातल्या दोघी-तिघींना वाचून दाखवा. 'हे असं छापलं तर आम्ही ओळखू येऊ' हे त्यांना तुमच्या आधी कळतं.