कूलर निवडताना चौरस फूट नको, हवेचा आकडा बघा

कूलरच्या माहितीत ‘१२० चौरस फूट खोलीसाठी योग्य’ असं लिहिलेलं असतं, पण त्यात छताची उंची किती धरलीय हे कळत नाही. त्यापेक्षा तासाला किती घनमीटर हवा फेकतो ते शोधा. खोलीतली हवा दर दोन मिनिटांनी बदलावी, हा नेहमीचा ठोकताळा. १२ बाय १० ची, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट. मिनिटाला ६०० घनफूट हवा लागेल, म्हणजेच तासाला साधारण १००० घनमीटर.

आता खरी गोम. कूलरच्या माहितीतला हवेचा आकडा सहसा सर्वात जास्त स्पीडचा असतो, आणि आवाजही तेव्हाच सर्वात जास्त. डेसिबल कुठल्या स्पीडचे आहेत हे लिहिलं नसेल तर विक्रेत्याला विचाराच. ६० डेसिबल म्हणजे शेजारी कुणीतरी सतत बोलत असल्यासारखं; त्यात झोप लागणं कठीण. म्हणून झोपायच्या खोलीसाठी १४००-१५०० घनमीटरचा घ्या आणि मधल्या स्पीडवर चालवा. समोरची खिडकी मात्र थोडी उघडी हवी. चादर दमट लागायला लागली, की हवा बाहेर जात नाहीये असं समजा.