पीयूसी सायन्सला गेलेल्या पोराचे मार्क्स पडले की आईबाप या चुका करतात, त्या टाळा

दहावीच्या वर्षात पोरांवर प्रेशर असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात खरा त्रास मला दहावीनंतरच्या वर्षात दिसतो. कारण मराठी मीडियममधून चांगले मार्क्स घेऊन आलेलं पोरगं जूनमध्ये पीयूसी सायन्सला बसतं, तिथं सगळं इंग्लिशमध्ये, आणि पहिल्याच टेस्टमध्ये आपटतं. इथून पुढं घरात जे होतं त्यावरच हे लिहितोय.

एक उदाहरण धरून चालू. खानापूर तालुक्यातली एक मुलगी समजा, दहावीला 625 पैकी 562, म्हणजे जवळजवळ 90 टक्के. गावात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, फोटोसकट. घरच्यांनी बेळगावच्या कॉलेजात पीसीएमबी घेतलं. तिला कॉमर्स बरं वाटत होतं पण "एवढे मार्क्स असून कॉमर्स?" म्हणून विषय संपला. ऑगस्टमध्ये फिजिक्सच्या युनिट टेस्टला 25 पैकी 7. आणि रोज बसस्टॉपवर जाताना तो फ्लेक्स अजून तिथंच.

चूक पहिली: मार्क्स बघायचे आणि पेपर बघायचाच नाही

बहुतेक घरात 7 आकडा ऐकला की लगेच दोन गोष्टी होतात, मोबाईल काढून घेतात आणि अजून एक ट्यूशन लावतात. पेपर कुणी उघडून बघत नाही. या मुलीचा पेपर बघितला तर गेलेल्या 18 मार्क्सपैकी 10 मार्क्सची थिअरी कोरीच आहे, 5 मार्क्स अर्धवट लिहिलेल्या व्याख्यांत गेलेत आणि गणितात फक्त 3 गेलेत. म्हणजे पोरीला फिजिक्स कळतंय, इंग्लिशमध्ये लिहायला जमत नाही आणि वेळ पुरत नाही. यावर उपाय म्हणजे रोज दोन-तीन उत्तरं स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये लिहून लेक्चररला नाहीतर वरच्या वर्गातल्या कुणाला दाखवणं, अजून दोन तास ट्यूशनला बसून ते होत नाही.

उलट ट्यूशन वाढली की काय होतं बघा: पहाटे पाचला उठून पहिली बस, कॉलेज, संध्याकाळची बॅच, घरी यायला रात्रीचे आठ, मग होमवर्क. झोप साडेपाच तास. या वयात 8 ते 10 तास झोप लागते, ती महिनोन्‌महिने मिळाली नाही तर लक्ष लागत नाही, पाठ झालेलं राहत नाही, चिडचिड वाढते आणि मार्क्स अजून पडतात. मग घरचे म्हणणार "एवढा खर्च करूनही असं कसं".

चूक दुसरी: चिडचिडीला उर्मटपणा समजणं

डिप्रेशन म्हटलं की आपल्याला रडणारं, कोपऱ्यात बसलेलं माणूस आठवतं. टीनएजमध्ये ते बऱ्याचदा रागासारखंच दिसतं, उलट उत्तरं, दार आपटणं, टेस्टच्या दिवशी सकाळी पोटात दुखणं, जेवायला सगळ्यांबरोबर न येणं. आणि आपण म्हणतो "कॉलेजची हवा लागली".

ओळखायचं कसं? नुसता अभ्यासाचा कंटाळा असेल तर गणपतीत, मॅचमध्ये, मैत्रिणींबरोबर पोरगी पहिल्यासारखी असते. पण ज्याच्यात मजा यायची तेही नकोसं झालं, झोप किंवा भूक बदलली, आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ असंच चाललंय तर डॉक्टरला दाखवायला पाहिजे, "बघू परीक्षेनंतर" म्हणायचं नाही.

अजून एक खूण मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे पोराची वाक्यं. "मला फिजिक्स जमत नाही" हे विषयाबद्दल आहे, यावर काम करता येतं. "मी ढ आहे, माझं कायच होणार नाही, तुमचे पैसे वाया घालवालोय" हे स्वतःबद्दल आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर गाडी आली की समजायचं, मार्क्सचा प्रॉब्लेम आता पोराच्या स्वतःच्या किमतीचा झालाय.

चूक तिसरी, सगळ्यात मोठी: अबोला

मारणं बऱ्याच घरात बंद झालंय, चांगलं आहे. पण अबोला आहे. मार्क्स कमी पडले की बाबा चार दिवस बोलत नाहीत, आई ताट वाढते आणि निघून जाते, आणि पुढच्या टेस्टला 18 पडले की घर परत हसतंय. घरच्यांना वाटतं आपण काहीच केलं नाही, एक शब्द बोललो नाही! पोरगं मात्र यातून एकच शिकतं, की मार्क्स असतील तर मी घरचा. मग मार्क्स आले तरी आनंद टिकत नाही कारण पुढची टेस्ट आहेच, अवघड गणिताला हात लावायची भीती वाटते, आणि शेवटी मार्क्स लपवणं सुरू होतं. लपवलं म्हणून पोराला खोटारडा म्हणू नका, खरं सांगितल्यावर काय होतं ते त्यानं बघितलंय.

कौतुकाचंही तसंच आहे. "आमचं नाव काढलंस" हे फक्त रिझल्टच्या दिवशी म्हणत असाल तर ते पण त्याच हिशोबात जमा होतं.

मग करायचं काय? घरी आल्या आल्या "किती पडले?" विचारायचं नाही. आधी चहा, जेवण, इकडचं तिकडचं. मग पेपर घेऊन शेजारी बसायचं आणि "यातलं कुठलं येत होतं पण लिहायला जमलं नाही?" असं विचारायचं. आणि राग आलाच असेल तर "मला आत्ता राग आलाय, तासाभरानं बोलू" असं स्पष्ट सांगा, आणि तासाभरानं खरंच बोला.

"वर्ष गेलं" असं बोलणं

हे खरंच नाही. कर्नाटकात 2024 पासून दहावीला आणि सेकंड पीयूसीला वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा होतात आणि चांगले मार्क्स ते धरतात. सायन्स झेपतच नसेल तर कॉलेजात लवकर जाऊन स्ट्रीम बदलायचं विचारा, नाहीतर दहावीवर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, त्यानंतर डीसीईटी देऊन इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं. पोरगी स्वतः कॉमर्स म्हणत होती तर तेही परत एकदा नीट ऐका की.

आणि जी गोष्ट विचारायला सगळे घाबरतात

पोरगं "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही बोललं, किंवा आपल्या आवडत्या वस्तू वाटायला लागलं, तर सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतंय काय?" विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट पोराला पहिल्यांदा बोलायला वाट मिळते. हो म्हणालं तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका. शेतातली फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथं न्या. रात्री-अपरात्री असेल तर टेली मानस 14416, सरकारी, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलायचं असेल तर फोन लावताना भाषा निवडायला सांगतात तेव्हा मराठी निवडा, आणि पोरगं बोलायला तयार नसेल तरी आईबाप स्वतः फोन करून काय करायचं ते विचारू शकतात.