कर्ज मंजूर झालं नाही तर इसाराचं काय? फ्लॅटच्या व्यवहारात पूर्वअट कशी लिहावी

जुना फ्लॅट घेताना इसार देऊन मोकळं होणं सोपं असतं. बँकेने कर्ज नाकारलं की मगच आपण पावती पुन्हा वाचतो आणि त्यात कर्जाचा उल्लेखच नसतो. मग विक्रेता म्हणतो, "पैसे कुठून आणायचे हा तुमचा प्रश्न." अट लिहिलेली नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने त्याचं म्हणणं बहुधा बरोबर ठरतं आणि इसार धोक्यात येतो. म्हणून क्रमाने असं करा.

१. आधी इसारपावती, साठेखत नंतर

कर्जाची अट इसारपावतीतच घाला. स्टॅम्प ड्युटी भरून साठेखत नोंदवायचं ते शक्यतो बँकेचं सँक्शन लेटर हाती आल्यावर. नोंदवलेलं साठेखत मोडायचं झालं तर नोंदणीकृत रद्दलेख करावा लागतो आणि मुद्रांक परताव्यासाठी मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो. प्रत्यक्ष रक्कम सोडण्यासाठी बँक नोंदवलेलं साठेखत मागतेच, पण मंजुरी त्याआधी मिळू शकते.

२. अट आकड्यांत लिहा

"कर्ज मंजूर झाल्यास व्यवहार पूर्ण करू" हे वाक्य फसवं आहे. समजा फ्लॅट ८० लाखांचा, इसार ४ लाखांचा आणि तुम्हाला ६० लाख कर्ज हवंय. बँकेच्या मूल्यांकनात फ्लॅट ७० लाखांचाच निघाला. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. म्हणजे जास्तीत जास्त ५६ लाख मिळणार. कर्ज "मंजूर" झालं, अट पुरी झाली आणि कमी पडलेले ४ लाख तुमच्या गळ्यात.

त्याऐवजी असं लिहा:

"खरेदीदारास या पावतीच्या तारखेपासून ४५ दिवसांत, सदर फ्लॅटवर, किमान ६० लाख रुपयांचे अंतिम कर्जमंजुरीपत्र न मिळाल्यास हा व्यवहार रद्द होईल व विक्रेता इसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करील. मुदत वाढवायची झाल्यास उभयतांनी लेखी वाढवावी. ही अट खरेदीदाराच्या हितासाठी असून तो ती लेखी सोडून देऊ शकेल."

"अंतिम" आणि "सदर फ्लॅटवर" हे शब्द वगळू नका. पगार पाहून दिलेली तत्त्वतः मंजुरी फक्त तुमची ऐपत सांगते. फ्लॅटची कागदपत्रं बँकेच्या वकिलाने तपासलेली नसतात आणि घोळ बहुतेक तिथेच निघतो. शेवटच्या वाक्यामुळे बाकीचे पैसे घरातून उभे राहिले तर सौदा वाचवता येतो. सरकारी परवानगीची अट मात्र अशी सोडून देता येत नाही. फ्लॅटखालची जमीन भोगवटादार वर्ग-२, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी असेल आणि जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागत असेल, तर दोघं राजी असूनही भागत नाही.

३. प्रयत्न केल्याचा पुरावा ठेवा

अट असली म्हणून हात बांधून बसायचं नाही. अर्जाची पोच, बँकेचे ईमेल, नकारपत्र जपून ठेवा. विक्रेत्याने काय द्यायचं आणि किती दिवसांत, हेही पावतीत लिहा: मूळ दस्तांची साखळी, सोसायटीचा ना-हरकत दाखला, आधीच्या कर्जाची थकबाकी दाखवणारं बँकेचं पत्र.

अट आपणच पाडून तिचा फायदा घेता येत नाही. दिल्लीतल्या एका प्रकरणात विक्रीला चीफ कमिशनरची परवानगी लागत होती. मालकिणीने अर्ज केला आणि पुढे स्वतःच मागे घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये तिला पुन्हा अर्ज करायला आणि परवानगी मिळाल्यावर खरेदीखत करून द्यायला लावलं. परवानगी मिळालीच नाही तर नुकसानभरपाई. उलट बाजूने, अर्जच न करता "कर्ज मिळालं नाही" म्हणणाऱ्या खरेदीदाराचीही खैर नाही.

४. मुदत संपली तर

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३२ प्रमाणे, ज्या घटनेवर करार अवलंबून आहे ती अशक्य झाली की करार शून्य होतो. ठरावीक मुदत घातली असेल आणि तेवढ्यात ती घटना घडली नाही, तरी तेच (कलम ३५). करार शून्य झाल्यावर मिळालेला लाभ परत करायचा, असं कलम ६५ सांगतं. इसारही त्यात येतो. इथे कोणी करार मोडलेला नसतो, म्हणून सहसा दंडही नाही आणि भरपाईही नाही.

तरी गप्प राहू नका. मुदत संपण्याआधी नकारपत्राची प्रत जोडून विक्रेत्याला ईमेल आणि स्पीड पोस्टाने कळवा. मुदत उलटल्यावरही कागदपत्रांची देवाणघेवाण चालू ठेवलीत, तर "मुदत आपण वाढवली होती" असा दावा पुढे येतो. वाढवायचीच असेल तर नवी तारीख घालून दोघांनी सह्या करा. पैसे परत घेताना खात्यावरच घ्या आणि मूळ पावतीवर "व्यवहार रद्द, इसार पूर्ण परत" असा शेरा दोघांच्या सहीने करून घ्या. पुढच्या गिऱ्हाईकासाठी विक्रेत्यालाही तो कागद लागतोच.