रियूज्ड कंटेंट आलं म्हणजे नेमकं काय झालं, आणि आता काय करायचं

आमच्या भाच्याचं यूट्यूबवर कीर्तनाचं चॅनेल आहे. हजार सबस्क्रायबर झाले, वर्षभरात चार हजारांच्या वर वॉच अवर झाले म्हणून मोनेटायझेशनला अप्लाय केलं आणि उत्तर आलं रियूज्ड कंटेंट. त्याचा पहिला फोन मला, "मामा, एकही कॉपीराइट क्लेम नाहीये, महाराजांनी स्वतः व्हॉट्सॲपवर परवानगी दिलीय, मग हे कसं?"

तर सगळ्यात आधी हाच गोंधळ सोडवून घ्या. रियूज्ड कंटेंटचा कॉपीराइटशी संबंध नाही, हा स्ट्राइक पण नाही, व्हिडिओ जागेवर राहतात आणि व्ह्यूज येत राहतात. यूट्यूबचं म्हणणं एवढंच की जे आधीच नेटवर आहे ते तुम्ही परत टाकताय आणि त्यात तुमची स्वतःची भर दिसत नाही, म्हणून जाहिरातीचे पैसे नाही. परवानगी असली तरी नाही. भाच्याने तर फक्त क्लिप कापून वर फुलांची फ्रेम आणि खाली टायटल टाकलं होतं, त्याला तो एडिटिंग म्हणत होता.

दुसरं म्हणजे हा निकाल एका व्हिडिओवर नसतो, अख्ख्या चॅनेलवर असतो. रिव्ह्यू करणारे सगळे व्हिडिओ बघत बसत नाहीत, ते चॅनेलचा मुख्य विषय, सगळ्यात जास्त बघितलेले व्हिडिओ, नवीन व्हिडिओ, सगळ्यात जास्त वॉच टाइम देणारे व्हिडिओ, शिवाय टायटल, थंबनेल, डिस्क्रिप्शन आणि चॅनेलची माहिती बघतात. म्हणून शेवटचे चार व्हिडिओ स्वतःच्या आवाजात केले आणि वॉच टाइम मात्र जुन्या उचललेल्या क्लिपांवरच आहे, असं असेल तर परत तेच उत्तर यायची शक्यता जास्त.

आता करायचं काय. स्टुडिओत Analytics उघडा, गेल्या 365 दिवसांचा वॉच टाइम घ्या, व्हिडिओ उतरत्या क्रमाने लावा आणि वरचे दहा बघा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, मूळ क्लिप काढून टाकली तर माझं काय उरतं? भाच्याचे 4,600 तास होते आणि त्यातले 3,100 फक्त दोन मोठ्या कीर्तनांचे, दोन्हीत त्याचं काहीच उरत नव्हतं.

मग दोन रस्ते. तुमचं काम खरंच तुमचं असेल आणि रिव्ह्यूत ते दिसलंच नाही असं वाटत असेल तर 21 दिवसांत अपील करा. त्यासाठी नवीन व्हिडिओ बनवायचा, पाच मिनिटांच्या आत, अनलिस्टेड ठेवायचा, पहिल्या 30 सेकंदांत चॅनेलची यूआरएल दाखवायची आणि मग तुम्ही कसं काम करता ते दाखवायचं, म्हणजे माइक, स्क्रिप्टची वही, एडिटिंगची टाइमलाइन. एकाच व्हिडिओबद्दल बोलू नका, पूर्ण चॅनेलबद्दल बोला. "खूप मेहनत घेतो सर" याने काही होत नाही, मेहनत स्क्रीनवर दिसली पाहिजे. आणि अपील करणार असाल तर तोवर चॅनेलवरची डिलीट-बिलीट थांबवा, कारण तुम्ही आहे त्याच चॅनेलबद्दल भांडताय.

भाच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, म्हणून अपील सोडलं आणि दुसरा रस्ता धरला, चॅनेल सुधारून परत अप्लाय. पहिल्यांदा नाकारलं असेल तर 30 दिवसांनी करता येतं, पुढच्या वेळी नाकारलं तर 90 दिवस थांबावं लागतं, म्हणून घाई करून पहिली संधी घालवू नका.

इथे एक खड्डा आहे. त्याने ती दोन कीर्तनं प्रायव्हेट केली आणि तास धाडकन 1,500 वर आले, कारण प्रायव्हेट, अनलिस्टेड किंवा डिलीट केलेल्या व्हिडिओचे तास मोजतच नाहीत. घरात दोन दिवस सुतक. पण तास ठेवायला क्लिपा ठेवल्या तर रिव्ह्यूत त्याच समोर येणार, मग त्या तासांचा उपयोग काय?

आता तो वेगळं करतो. आधी कॅमेऱ्यासमोर बसून कुठला अभंग आहे ते सांगतो, मग महाराजांची 40 सेकंदांची क्लिप, मग तीन-चार मिनिटं अवघड शब्दांचा अर्थ, महाराजांनी दृष्टांत तिथेच का दिला, चाल कुठली, आणि मध्येच आजीला विचारतो की हा अभंग तुमच्या दिंडीत कसा म्हणायचे. क्लिप काढली तरी व्हिडिओ उभा राहतो. फक्त चेहरा कोपऱ्यात ठेवून मान डोलावत बसलात तर ते चालत नाही, बोलावं लागतं.

मागच्या आठवड्यात 2,300 तास झालेत. आजीचे भाग जास्त चालतात, त्यामुळे आजी आता शूटिंगच्या आधी नवीन लुगडं काढायला लागलीय.