जोडपानं कापताना काना गेला

ओसीआर कसं चालवायचं ते तुम्हाला येत असेलच. मी फक्त त्याआधीच्या एका पायरीबद्दल लिहितोय, कारण तिनेच माझे तीन आठवडे खाल्ले.

जुनं मराठी गद्य पुस्तक होतं, ११८ स्कॅन आणि मुखपृष्ठ सोडलं तर प्रत्येकात समोरासमोरची दोन पानं. न कापताच टेसरॅक्टला दिलं, तर डावीकडच्या पानाची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडून तो मोकळा झाला. म्हणजे कापणं आलंच. एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं, ‘मधोमध काप की, एका कमांडचं काम.’ ती कमांड अशी:

```
magick p045.png -crop 2x1@ +repage p045_%d.png
```

पहिली दहा पानं पाहिली, झकास होती. मुखपृष्ठ एकटंच स्कॅन केलेलं, त्याचे दोन तुकडे झाले. त्यावर हसलो आणि पुढे गेलो. हसायला नको होतं. ज्या कमांडला मुखपृष्ठाचा पत्ता नव्हता, तिला बाकीच्या पानांचा तरी कुठून असणार?

स्कॅनचा मध्य म्हणजे पुस्तकाचा मध्य नव्हे. पानं उलटत जाल तसा जाडीचा भार एका बाजूकडून दुसरीकडे जातो, पुस्तक थोडं सरकतं, स्कॅन करणारा ते पुन्हा नीट ठेवतो, आणि दोन पानांमधली घळ प्रत्येक वेळी वेगळ्या जागी येते. माझे स्कॅन ३००० पिक्सेल रुंद, ३०० डीपीआयचे. सुरुवातीला घळ १५०० च्या आसपास होती, शेवटाकडे १५७० वर गेली. सत्तर पिक्सेल म्हणजे सहा मिलिमीटर. एरवी आतला समास तेवढं सोसतो. पण हे पुस्तक ग्रंथालयाने पुन्हा बांधून घेतलेलं, शिलाईने समास खाल्लेला आणि उरलेला जेमतेम पाच मिलिमीटर. कात्री डाव्या पानाच्या मजकुरात एकच मिलिमीटर शिरली.

एक मिलिमीटर म्हणजे किती? ओळीच्या शेवटचा काना.

‘राजा’चा ‘राज’ झाला, ‘होता’चा ‘होत’. दोन्ही शब्द बरोबर! शुद्धलेखन तपासनीसाने हूं की चूं केलं नाही. देवनागरीत आणखी एक गंमत आहे, मला ती तेव्हा गंमत वाटली नाही. स, म, ग, प यांचा उजवा दंड छाटला की उरतं ते त्यांचं अर्धं रूप. ‘लोकांस’ची शेवटची दांडी गेली की टेसरॅक्ट ‘लोकांस्’ वाचतो आणि तो चुकलेला नसतोच, चित्रात तेच उरलेलं असतं. छाटलेल्या दांड्या गेल्या उजव्या पानाच्या फाइलमध्ये. तिथे मजकुराआधी `।`, `|`, `1` अशी रांगच्या रांग लागली होती. मी ती ‘कचरा’ म्हणून नेमाने पुसत बसलो. साठ पानं पुसली. तो कचरा नव्हता, शेजारच्या पानाचे काने होते.

तेव्हा उजव्या पानात उभ्या दांड्या दिसल्या की पुसू नका, आधी डावं पान उघडा. तिथे ओळींच्या शेवटी पाय मोडलेली अक्षरं असतील तर कात्री चुकली. डावं पान धड असेल तर ती बहुधा घळीची सावली, ती खुशाल पुसा. पाय मोडलेल्या ओळी मोजायला:

```
grep -c '्$' *_0.txt
```

एखाद-दुसरी ओळ निघाली तर सोडा. एका पानात सात-आठ निघाल्या तर ते पान पुन्हा कापायचं.

मी शेवटी स्कॅनटेलर घेतला. त्यातल्या `Split Pages` मध्ये प्रत्येक स्कॅनची रेषा तो वेगळी शोधतो. बहुतेक ठिकाणी बरोबर शोधतो, पण सावली फिकट असली की चकतो, म्हणून ११८ च्या ११८ नजरेखालून घाला आणि चुकलेली रेषा माउसने ओढा. एक संध्याकाळ जाते, जाऊ द्या. एका स्कॅनची रेषा सगळ्यांना लावायचा मोह मात्र टाळा, ती मूळचीच चूक झाली. आणि तिरपी पानं सरळ करायची ती कापल्यानंतर: डावं पान एका अंगाला कललेलं असतं, उजवं दुसऱ्या, जोडीने सरळ केलं तर एक सुधारतं आणि एक बिघडतं.

‘एका कमांडचं काम’ म्हणणाऱ्यांनी मुद्रितशोधन स्वतः केलेलं नसतं, असं माझं आता पक्कं मत झालंय. पण घाबरू नका. मूळ स्कॅन जपून ठेवले असतील तर काही बुडालेलं नाही, माझी साठेक जोडपानंच पुन्हा कापावी लागली.

चार पानं मात्र तरीही अडली. तिथे काना कात्रीने नाही, शिलाईनेच गिळला होता. रेषा कुठेही ओढा, स्कॅनमध्येच तो नाही. त्यांच्यासाठी त्याच आवृत्तीची, पुन्हा न बांधलेली प्रत शोधतोय.