या चुका टाळा: स्पॅनिशमधली प्रेमाची दहा क्रियापदं

नागपुरात घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि कामाच्या ठिकाणी इंग्रजी चालते. त्यामुळे स्पॅनिश शिकायला बसलं की वाक्य बहुतेकदा इंग्रजीतून किंवा हिंदीतून जुळवलं जातं. प्रेमाच्या वाक्यांत तिथेच घोळ होतो, कारण त्यातली बरीच वाक्यं मराठीच्याच चालीवर बांधलेली असतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते ‘गुस्तार’. ‘मी तुला लाइक करतो’ हे डोक्यात असलं की हात आपोआप ‘यो ते गुस्तो’ लिहितो. ‘यो’ म्हणजे मी, ‘ते’ म्हणजे तुला. समोरच्याला त्याचा अर्थ लागतो ‘मी तुला आवडतो’, म्हणजे प्रेम सांगायच्या ऐवजी फुशारकी मारल्यासारखं होतं. बरोबर वाक्य आहे ‘मे गुस्तास’. ‘मे’ म्हणजे मला आणि ‘गुस्तास’ म्हणजे तू आवडतेस किंवा आवडतोस. मराठीसारखंच क्रियापद आवडणाऱ्या माणसाकडे बघून बदलतं. डोळे आवडले तर ‘मे गुस्तान तुस ओखोस’, मला तुझे डोळे आवडतात. फरक एवढाच की स्पॅनिशमध्ये ‘गुस्तास’ मुलीलाही चालतं आणि मुलालाही.

‘एन्कांतार’ची चाल अगदी हीच. ‘मे एन्कांता तु सोनरिसा’ म्हणजे तुझं हसू मला फार आवडतं. ‘फार’ हे त्या क्रियापदातच आलं, म्हणून पुढे ‘मुचो’ जोडू नका. आणि मित्राला किंवा सहकाऱ्याला ‘मे गुस्तास’ म्हणू नका, त्यात ओढीचा अर्थ येतो. नुसता चांगला वाटतो असं सांगायचं असेल तर ‘मे काएस बिएन’.

‘केरेर’ आणि ‘अमार’ यांच्यात वजनाचा फरक आहे. ‘ते किएरो’ जोडीदाराला, आईला, जिवलग मित्रालाही म्हणतात. ‘ते आमो’ खूप जड आहे. दुसऱ्याच भेटीत ते वापरलं तर समोरचा दचकेल. ‘केरेर’ला ‘क्वेरेर’ म्हणू नका, त्यातला ‘यू’ मुका असतो. तुला-मला वाले शब्द क्रियापदाच्या आधी येतात, मराठीसारखेच, म्हणून ‘किएरो ते’ नाही. माणसाचं नाव घेतलं की आधी ‘आ’ लावायचा, म्हणजे आपला ‘ला’च: ‘आमो आ मी एस्पोसा’. तो विसरलात तर मराठीत ‘मी बायको प्रेम करतो’ म्हटल्यासारखं वाटतं.

‘बेसार’ म्हणजे चुंबन घेणं. एका वाक्यात दोन क्रियापदं आली की दुसरं मूळ रूपातच राहतं आणि ‘ते’ त्याच्या शेपटाला चिकटतं: ‘किएरो बेसार्ते’. ‘ते किएरो बेसार’ हेही चालतं. ‘किएरो बेसार तू’ मात्र नाही.

मराठीची चाल जिथे दगा देते, अशी दोन क्रियापदं आहेत. आपण म्हणतो ‘तुझी वाट पाहतो’ आणि ‘तुझी आठवण येते’. स्पॅनिशमध्ये ‘तुझी’ही नाही, ‘येते’ही नाही. ‘एस्पेरार’पासून ‘ते एस्पेरो एन फुटाळा’, म्हणजे फुटाळ्यावर तुझी वाट पाहतो, आणि ‘एक्स्त्रान्यार’पासून ‘ते एक्स्त्रान्यो’. स्पेनमध्ये या दुसऱ्या ठिकाणी ‘ते एचो दे मेनोस’ जास्त ऐकू येतं, लॅटिन अमेरिकेत ‘एक्स्त्रान्यो’.

उरलेली तिन्ही क्रियापदं सोबतच्या छोट्या शब्दासकटच पाठ करा. ‘पेन्सार’सोबत ‘एन’: ‘पिएन्सो एन ती’, तुझा विचार करतो. ‘सोन्यार’सोबत ‘कोन’. तुझं स्वप्न पाहतो म्हणताना ‘कोन ती’ असं सुटं होत नाही, ‘सुएन्यो कोन्तिगो’ होतं. ‘एनामोरार्से’सोबत ‘दे’, जो आपल्या ‘च्या’सारखा आहे: ‘मे एनामोरे दे ती’, तुझ्या प्रेमात पडलो. इंग्रजीतल्या ‘विथ’मुळे इथे ‘कोन’ घुसतो, त्याला हाकला. ‘पडलेलो आहे’ असं सांगायचं असेल तर मुलाने ‘एस्तोय एनामोरादो दे ती’ म्हणायचं, मुलीने ‘एनामोरादा’.

आता इंग्रजीवरून उचललेला हा मेसेज बघा: ‘यो ते गुस्तो मुचो. यो पिएन्सो दे ती. यो एस्पेरो पोर ती.’ पहिल्या वाक्यात कर्ता उलटा झाला, दुसऱ्यात ‘एन’ हवा होता, तिसऱ्यात ‘पोर’ फुकटचा आला. तिन्ही ‘यो’ काढून टाका, कारण क्रियापदाच्या शेवटावरूनच ‘मी’ कळतो आणि सारखं ‘यो, यो’ केलं तर हट्टीपणा वाटतो. दुरुस्त मेसेज असा: ‘मे गुस्तास मुचो. पिएन्सो एन ती. ते एस्पेरो.’ पाठवण्याआधी प्रत्येक वाक्य मराठीत उलटवून बघा. पहिल्याचं ‘मला तू खूप आवडतेस’ न होता ‘तुला मी’ होत असेल, तर बोट अजून सेंडवर नेऊ नका.